नवी गाडी ओरखड्यांमुळे नाकारताना शोरूमला द्यायचं पत्र

प्रश्न: उद्या डिलिव्हरी आहे. आज गाडी बघितली तर दारावर ओरखडे. आधी कुणी काहीच बोललं नव्हतं. ‘पॉलिश करून देतो’ म्हणतात. मला दुसरी गाडीच पाहिजे. पत्रात काय लिहू? (कोल्हापूर)

उत्तर: पासिंग झालं नसेल तर पत्र आजच द्या. एमएच ०९ चा नंबर तुमच्या नावावर पडला, की शोरूमला ती गाडी परत घेऊन नवी म्हणून विकता येत नाही. मग ते बदलून द्यायला सहजी तयार होत नाहीत.

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा होता. ‘पॉलिश मारलं की जातंय बघा,’ असं आम्हालाही सांगितलं. मी त्यावरून नख आडवं फिरवलं, तर ते अडकलं. नख अडकतं तिथं ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्ये खोल गेलेला असतो. तो बहुधा पॉलिशनं जात नाही, दार पुन्हा रंगवावं लागतं. रंगवलेलं दार असलेल्या गाडीला नव्या गाडीचे पैसे का द्यायचे?

पत्रात ‘तक्रार आहे’ एवढंच लिहू नका, त्यावर ते दुरुस्ती करून मोकळे होतात. ‘ताबा नाकारत आहे’ हे शब्द हवेतच. आमचा मजकूर साधारण असा होता:

> विषय: चेसिस क्र. … या गाडीचा ताबा नाकारणे व बदली गाडीची मागणी
>
> दि. … रोजी आपल्या यार्डात पाहणी करताना मागील डाव्या दारावर ओरखडे आढळले (फोटो सोबत). याची कल्पना मला आधी दिली नव्हती. दुरुस्ती किंवा पुन्हा रंगकाम मला मान्य नाही. मी या गाडीचा ताबा नाकारत आहे. तिची माझ्या नावे नोंदणी करू नये. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची, त्याच उत्पादन वर्षाची दुसरी गाडी ठरलेल्या किमतीत १५ दिवसांत द्यावी, अन्यथा भरलेली पूर्ण रक्कम परत करावी.

वस्तुविक्री कायदा, १९३० प्रमाणे माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरत नाहीत. म्हणूनच ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ अशा डिलिव्हरी नोटवर अजिबात सही करू नका. त्या सहीनंतर ओरखडा तुमच्याकडेच पडला, असं ते म्हणू शकतात.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शोरूमचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि तोच मजकूर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. कर्ज असेल तर बँकेलाही प्रत देऊन रक्कम थांबवायला सांगा, नाहीतर गाडी नसताना हप्ता सुरू होईल. १५ दिवसांत हालचाल झाली नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतरची पायरी कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगाची.

दुसरी गाडी आली की बिल, विमा आणि फॉर्म २२ यांवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. आमच्या विम्यावर जुन्याच गाडीचा नंबर राहिला होता.