उत्तरतालिकेला ‘निकाल’ म्हणाल तर व्ह्यूज मिळतील, पण…

प्रश्न : भरतीच्या निकालाच्या अपडेट व्हिडिओला टायटल, डिस्क्रिप्शन, टॅग कसे द्यायचे? ‘ब्रेकिंग’, ‘लगेच पाहा’ न लिहिता व्ह्यूज येतात का?

सुरुवातीला कमी येतात. आमचेही आले होते.

मी आणि एक मित्र मिळून भरतीचं यूट्यूब चॅनल चालवायचो. एका लिपिक भरतीची पहिली उत्तरतालिका आली, हरकतींसाठी सात दिवस होते. मित्राने टायटल ठोकलं, ‘निकाल जाहीर! लगेच नाव तपासा’. मी म्हणालो, अरे, निकाल कुठेय? तो म्हणाला, लोक ‘निकाल’च सर्च करतात, ‘उत्तरतालिका’ नाही. क्लिक धो धो आले. यूट्यूब स्टुडिओत आकडे पाहिले तर पहिल्या तीस सेकंदांतच निम्म्याहून जास्त लोक निघून गेले होते. कमेंटमध्ये एकच ओरड, ‘यादी कुठे आहे?’ आणि एका मुलीने आठव्या दिवशी लिहिलं, ‘निकालात नाव नाही असं समजून मी पुढे काही पाहिलंच नाही. आता कळतंय की माझ्या दोन प्रश्नांवर हरकत घेता आली असती.’ मित्र आजही म्हणतो, तिने व्हिडिओ पूर्ण बघायला हवा होता. मला ते तेव्हाही पटलं नाही.

त्या व्हिडिओचं टायटल असं हवं होतं :

```
लिपिक भरती : पहिली उत्तरतालिका आली, हरकती 14 मार्चपर्यंत
```

आधी परीक्षा, मग टप्पा, मग तारीख. मोबाइलवर टायटलचा शेवट कापला जातो, म्हणून टप्प्याचा शब्द सुरुवातीलाच घ्या. थंबनेलवरही तोच शब्द; तिथे ‘निकाल’ छापलात तर टायटल खरं ठेवून उपयोग नाही. ‘आज’, ‘आत्ताच’ तर लिहूच नका, व्हिडिओ पुढच्या महिन्यातही कोणाला तरी दिसणार असतो. खरी मुदत असेल तर बेधडक लिहा, पण तारीख आणि वेळेसकट. घाई मुदतीमुळे असेल तर ती खोटी नाही.

डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत जाहिरात क्रमांक, सूचनेची तारीख (अपलोडची नव्हे) आणि अजून काय आलेलं नाही ते लिहा : ‘ही निवड यादी नाही.’ बाकीचं दडलेलं राहतं, ते कोणी उघडत नाही. लिंक सूचनांच्या अधिकृत पानाची द्या, एकट्या पीडीएफची नको, कारण शुद्धिपत्रक निघालं की जुनी फाइल फिरत राहते. टॅगवर डोकं घालू नका, सर्चमध्ये त्यांचा वाटा किरकोळ आहे. दुसऱ्या भरतींची नावं कोंबणं तर यूट्यूबच्या नियमांतच बसत नाही.

खरा निकाल लागला की जुन्या व्हिडिओचं टायटल बदलून ‘निकाल’ करायचा मोह होतो, आयते व्ह्यूज असतात ना त्यावर. तसं करू नका, आत मजकूर उत्तरतालिकेचाच आहे. नवा व्हिडिओ करा आणि त्याची लिंक जुन्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये पहिल्या ओळीत टाका.

हां, मित्राचा एक मुद्दा खरा होता, लोक ‘निकाल’च शोधतात. मग ‘निकाल अजून नाही, उत्तरतालिका आली’ असं लिहा की. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं.