पेशंटच्या डेकमधून घरी न्यायच्या साध्या सूचना

हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठीचा स्लाइड डेक फार जड आहे, घरच्यांना कळेल असा कसा करू?

स्लाइडच्या क्रमाने जाऊच नका, पेशंट घरी गेल्यावर काय करणार तिथून सुरू करा. स्लाइडवर असतं "द्रवसंचयाच्या लक्षणांचे नियमित निरीक्षण करावे", त्याच्याजागी लिहा: "रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. 3 दिवसांत 2 किलोपेक्षा जास्त वाढलं तर त्याच दिवशी फोन करा. बसल्या जागी दम लागला तर थांबू नका, लगेच इमर्जन्सीत या." आकडा आणि फोन नंबर मात्र डॉक्टरांकडून पक्का करून मोठ्या अक्षरात टाका, काही पेशंटना मर्यादा वेगळी असते. इजेक्शन फ्रॅक्शनचे, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं त्याचे, ग्राफ सरळ काढून टाका. मग घरच्यांना "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात, त्यापेक्षा "उद्या वजन वाढलेलं दिसलं तर काय कराल?" विचारा आणि ते जिथे अडखळतील तेच वाक्य परत लिहा.