सिल्व्हर क्लोराइडच्या वजनावरून क्लोरीनचे प्रमाण काढताना
कॅरिअस पद्धतीने बंद नळीत सधूम नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटसह तापवलेल्या 0.225 ग्रॅम क्लोरोबेन्झीनपासून 0.287 ग्रॅम सिल्व्हर क्लोराइड मिळाले, तर हे सगळे वजन क्लोरीनचे नाही, हे आपण प्रथम ध्यानात घ्यावे. त्याच्या 143.5 भागांत क्लोरीन केवळ 35.5 भाग असल्याने क्लोरीन 0.071 ग्रॅम, म्हणजे सुमारे 31.6 टक्के भरतो, आणि C₆H₅Cl या सूत्रावरूनही हाच आकडा येतो. आपले उत्तर याहून जास्त आले, तर अवक्षेप नीट धुतला न गेल्याने त्यात सिल्व्हर नायट्रेट राहिले असण्याची शक्यता मी आधी तपासेन; कमी आले आणि धुतलेला अवक्षेप जांभळट दिसला, तर उजेडामुळे त्यातील थोडा क्लोरीन निघून गेला असे समजावे. फ्लोरीनसाठी ही पद्धत चालत नाही, कारण सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात विरघळते.