रास कुणाची: चंद्राची की सूर्याची?

प्रश्न: माझा जन्म ५ ऑगस्टचा, पत्रिकेत रास वृश्चिक. होणाऱ्या नवऱ्याचा जन्म १० डिसेंबरचा. त्याच्या घरी तारखेवरून मला सिंह आणि त्याला धनु म्हणतात, आणि ‘राशी छान जुळतात’ म्हणतात. आमच्याकडे गुणमेलन लागतं, म्हणून त्याची पत्रिका केली तर रास वृषभ निघाली. खरी रास कोणती, आणि दोन्हीकडचं ‘जुळणं’ एकच का?

उत्तर: मराठीत नुसतं ‘रास’ म्हटलं की ती चंद्ररास असते. जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता, ती आपली रास. चंद्र साधारण सव्वादोन दिवसांत रास बदलतो, म्हणून पत्रिकेला जन्मवेळ लागते. सासरची मंडळी सांगतात ती सूर्यरास. सूर्य एका राशीत महिनाभर असतो, त्यामुळे तिथे तारखेवर भागतं.

गंमत म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे ५ ऑगस्टला सूर्यही सिंह राशीत नसतो, कर्क राशीत असतो. पाश्चात्त्य पद्धत राशिचक्र वसंतसंपातापासून मोजते, ते सायन. पत्रिका ताऱ्यांच्या आधाराने मोजते, ते निरयन. दोन्हींच्या आरंभबिंदूंत आज सुमारे २४ अंशांचं अंतर आहे, त्याला अयनांश म्हणतात. म्हणजे सिंह, कर्क आणि वृश्चिक ही तिन्ही उत्तरं तुमचीच.

घोळ होतो तो सूर्यराशी उचलून गुणमेलनाच्या कोष्टकात घातल्या की. सिंहेपासून मोजलं तर धनु पाचवी, धनूपासून सिंह नववी, हा नवपंचम. सूर्यराशी बघणाऱ्यांना हे नातं फार आवडतं, कारण दोन्ही राशी अग्नितत्त्वाच्या आणि १२० अंशांवर. गुणमेलनाच्या प्रचलित कोष्टकांत मात्र नवपंचमाला राशिकूटाच्या, म्हणजे दोन राशींमधल्या अंतरावरून मिळणाऱ्या, ७ गुणांपैकी शून्य! तुमच्या चंद्रराशी घेतल्या तर चित्र उलटं: वृषभ आणि वृश्चिक एकमेकींपासून सातव्या, समसप्तक, आणि राशिकूटाचे सातही गुण मिळतात. बाकीच्यांपैकी बरेच गुण नक्षत्रावर अवलंबून, त्यामुळे एकूण आकडा राशींवरून सांगता येणार नाही.

एकूण ३६ गुणांपैकी एकही सूर्यराशीवरून मोजला जात नाही. (३६ गुण जुळणं म्हणजे कळस, आणि ‘छत्तीसचा आकडा’ म्हणजे वैर! तो वाक्प्रचार मात्र ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात त्यावरून आलाय.) म्हणून ‘२४ गुण आणि वर सूर्यराशी जुळल्याचे आणखी चार’ अशी बेरीज कुणी करून दिली, तर ती दोन्ही पद्धतींत बसत नाही.

घरी बोलताना ‘माझी चंद्ररास वृश्चिक, सायन सूर्यरास सिंह’ असं पूर्ण म्हणा. गुणमेलनाचा कागद वेगळा ठेवा आणि सूर्यराशींचं वाचन वेगळं. भटजींना मात्र जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण द्या, रास त्यांनाच काढू द्या.