प्राणायाम करूनही पहाटे तीनला जाग येते तेव्हा

“मी पतसंस्थेत वसुलीचे काम करतो. दोन वर्षांपासून ताण आहे. सकाळी फिरायला जातो, प्राणायाम करतो, मोबाइलवर ध्यानाचे ॲपही वापरून पाहिले, पण फरक पडत नाही. ताण तर सगळ्यांनाच असतो. मग समुपदेशकाकडे जायची वेळ आली आहे, हे ओळखायचे कसे? आणि गावात कळले तर लोक काय म्हणतील?”

या प्रश्नाचे उत्तर मला एका ग्रामसेवकांच्या अनुभवातून द्यावेसे वाटते. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील मी बदलले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीचे काम त्यांच्याकडे होते आणि शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभारही होता. मार्चअखेरची घरपट्टी-पाणीपट्टी वसुली, घरकुलांचे हप्ते, रोजगार हमीची हजेरीपत्रके आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप, हे सगळे एकट्याने सांभाळताना त्यांची तिसरी मार्चअखेर उलटून गेली होती. ते माझ्याकडे आले ते मात्र ताणाची तक्रार घेऊन नव्हे. त्यांना पोटात जळजळ होती, मान आखडलेली असे आणि छातीत धडधड होई. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी, साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी करून सर्व काही ठीक असल्याचे सांगितले आणि माझ्या नावाची चिठ्ठी दिली. हा क्रम योग्यच होता, कारण थायरॉईडचा विकार किंवा रक्तक्षय असला तरीही थकवा, धडधड आणि उदासी दिसू शकते. ती शक्यता आधी तपासून घ्यावी लागते.

स्वतःच्या प्रयत्नांत त्यांनी कसलीही कुचराई केलेली नव्हती. पहाटे चालणे, अनुलोम-विलोम, रात्रीचा चहा बंद, झोपण्यापूर्वी मोबाइल दूर, हे सारे त्यांनी एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवले होते. ती वही चाळताना माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. सुरुवातीच्या पानांवर फक्त बरोबरच्या खुणा होत्या. पुढे पुढे चुकलेल्या दिवसांपुढे लाल शाईने “आजही नाही” असे लिहिलेले होते आणि शेवटच्या काही पानांवर तेच शब्द दोनदा अधोरेखित केलेले होते. मन हलके करण्यासाठी सुरू केलेला उपाय आता वसुलीच्या उद्दिष्टासारखाच एक तक्ता झाला होता आणि तो पुरा न झाल्याचा ठपका ते रोज स्वतःवर ठेवत होते. स्वमदत अपुरी पडू लागल्याची ही खूण मला नेहमीच महत्त्वाची वाटते. उपाय निरुपयोगी असतात असे नाही. मात्र खचलेल्या मनाला ते पेलत नाहीत आणि मग “मला साधा प्राणायामही जमत नाही” असा नवा दोष त्याच मनावर येऊन बसतो.

मी त्यांना विचारले, “काम नसते तेव्हा कसे वाटते?” याचे उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. पोळ्याला लागून सुट्ट्या आल्या म्हणून दोघे त्यांच्या गावी गेले होते. दरवर्षी बैलांना धुण्यापासून शिंगांना बेगड लावण्यापर्यंत सगळे स्वतः करणारे हे गृहस्थ त्या वर्षी अंगणातल्या बाजेवर बसून राहिले आणि ते काम भावाने केले. तिथेही पहाटे तीनला जाग येई आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नसे. “मॅडम, काम तिथं नव्हतं, पण मले काहीच गोड लागत नव्हतं जी,” असे ते म्हणाले.

कामाचा ताण आणि उपचाराची गरज असलेली अवस्था यांतला फरक मला इथे स्पष्ट दिसतो. ताण कितीही मोठा असला तरी दाब उतरल्यावर माणूस थोडा तरी सैलावतो. वसुलीचा महिना संपतो, दोन दिवस पोटभर झोप होते आणि जेवणाची चव परत येते. सुट्टी मिळूनही झोप, भूक, हौस आणि चिडचिड यांत काहीच फरक पडत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस चालू असेल, तर ताण कामापुरता राहिलेला नाही असे समजावे. दुसरी खूण कामातच दिसते. या ग्रामसेवकांनी दप्तराची पिशवी उघडणे टाळायला सुरुवात केली होती. वरिष्ठांचा फोन वाजला की ते तो उलटा ठेवत आणि गटविकास अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटातील संदेश न वाचताच राहत. टाळल्याने तासभर बरे वाटे, पण काम तुंबे, नोटीस येई आणि भीती दुणावे. तिसरी खूण त्यांनी खाली मान घालून सांगितली. झोप यावी म्हणून ते रात्री दारू घेऊ लागले होते. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती मोडते, म्हणजे पहाटे तीनची जाग आणखी पक्की होते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्यांवरही अशीच भिस्त ठेवणारे मी पाहिले आहेत. त्यांची सवय लागते आणि दारूसोबत त्या जिवावर बेतू शकतात.

त्यांच्याकडून मी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत उदासी, झोप, थकवा, एकाग्रता अशा गोष्टींचा त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. एकूण गुण २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक आले तर तज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घ्यावी, असा संकेत आहे. त्यांचे १६ आले. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण माणूस बोलायला कचरतो तेव्हा तिचा आधार होतो. तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथे त्यांचे पेन थांबले, म्हणून मी स्पष्टच विचारले, “जगूच नये, असे मनात येते का?” अशा प्रश्नाने भलताच विचार मनात भरेल ही भीती निराधार आहे. उलट, विचारल्यावर माणसाला सुटल्यासारखे होते. ते म्हणाले की, गाडीवरून येताना कधी कधी समोरचा ट्रक आपल्यावर आला तर बरे, असे वाटून जाते. काही ठरवलेले नव्हते, तरीही असा विचार एकदा जरी येत असला तरी मदतीसाठी आणखी वाट पाहू नये. शेतीचे घर असल्याने त्याच दिवशी पत्नी आणि भावाशी बोलून फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली भावाकडे देण्याचे ठरले आणि त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. विदर्भातील शेतकरी घरात हे पाऊल मी कधीही उद्यावर टाकत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून औषध सुरू केले आणि त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, बरे वाटले तरी ते मनाने बंद करायचे नाही, असे बजावले. त्याला जोडून आमच्या आठवड्यातून एकदा भेटी सुरू झाल्या. समुपदेशन म्हणजे धीर देणे, असा समज असतो. पण आमच्या भेटींत कामे ठरवलेली असत. पहिले काम झोपेचे होते. रात्री कितीही कमी झोप झाली तरी उठायची वेळ एकच ठेवायची, आणि वीसेक मिनिटे झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचे. दुसरे काम टाळाटाळीचे होते. रोज सकाळी ठरल्या वेळी एकच फाइल चाळीस मिनिटे उघडायची, आणि तीही सर्वांत अवघड नव्हे, तर मधल्या दर्जाची. लाल शाईची वही मी बंद करायला सांगितली. जमले नाही त्याची नोंद ठेवायची नाही, असे आम्ही ठरवले.

तिसरे काम त्यांना सर्वांत जड गेले. अतिरिक्त कार्यभाराबद्दल त्यांनी आजवर वरिष्ठांकडे तोंडी कुरकुर केली होती, पण लेखी काहीच दिले नव्हते. आम्ही अर्जाचा मसुदा मिळून तयार केला. दोन्ही गावांची कामे, प्रलंबित प्रकरणे आणि एका माणसाला ती कोणत्या क्रमाने करता येतील, एवढेच त्यात लिहिले. आजाराचा उल्लेख केला नाही, कारण तो करायचा की नाही हे ठरवणे त्यांचे होते. कार्यभार लगेच गेला नाही. तो जायला बरेच महिने लागले आणि तेवढा काळ त्यांना त्याच ओझ्यासह सावरावे लागले. ही समुपदेशनाची मर्यादा आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. रिक्त पदे माझ्या खोलीत भरली जात नाहीत. दोन महिन्यांनी त्यांचे गुण ७ वर आले, पहाटेची जाग आठवड्यातून एखाद्या वेळेपुरती उरली आणि दारू बंद झाली. पुढच्या वर्षी मात्र मार्च जवळ येताच पुन्हा छाती धडधडू लागली. या वेळी ते फेब्रुवारीतच भेटीला आले.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. गावात कळेल ही भीती खरी आहे आणि “लोकांकडे लक्ष देऊ नका” असे सांगून ती जात नाही. तिच्यावर व्यवहारी मार्ग काढता येतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. जिवाला धोका असेल तर मात्र जवळच्या व्यक्तीला सांगावे लागते आणि समुपदेशकाने हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करायला हवे. नसेल केले, तर आपणच विचारा. घरातून एक फोन करून सुरुवात करायची असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तो विनामूल्य असून चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. प्रत्यक्ष भेटीसाठी जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते. ते आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात कोणत्या दिवशी येते, याची चौकशी तिथे करता येते. यवतमाळ, अकोला आणि नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये तसेच सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून शेजारच्या जिल्ह्यात जाणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत आणि त्यात काहीही गैर नाही.

जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: त्रास कधीपासून आहे, गेल्या दोन आठवड्यांत किती रात्री झोप मोडली, आणि पूर्वी सहज होणारे कोणते काम आता टाळले जाते. चालू असलेली औषधे आणि दारू-तंबाखूचे प्रमाण खरे सांगा, कारण त्यावरून उपचार बदलतात. तीन-चार भेटींनंतरही आपण नेमके कशावर काम करत आहोत हे समजत नसेल, तर ते समुपदेशकाला विचारा, आणि समाधान झाले नाही तर दुसऱ्या समुपदेशकाकडे जा. आपल्या पत्रात सुट्टीच्या दिवसांबद्दल काही लिहिलेले नाही. येत्या सुट्टीत कसे वाटते, एवढे पाहा. तेव्हाही मन सैलावले नाही, तर भेटीची वेळ घ्या. आणि मनात जीव नकोसा झाल्याचा विचार येत असेल, तर सुट्टीची वाट न पाहता आजच १४४१६ वर फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सोबत बसवून घ्या.