फळांच्या पेटीसाठी १२,७०० रुपये आगाऊ भरावेत का?

प्रश्न: नमस्कार मॅडम. आम्ही घरी पाच जण: मी, नवरा (दोघेही नोकरीला), अकरा आणि सहा वर्षांची मुलं, आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. राहायला पुण्यात, सिंहगड रस्त्यावर. फळांवर महिन्याला साडेपाच हजार जातात, बहुतेक ॲपवरून, आणि तरी दर आठवड्याला काही ना काही टाकून द्यावं लागतं. रात्री जेवणं झाली की मी फळं कापून समोर ठेवते, पण कुणी हात लावत नाही. आता एकांची योजना आली आहे: दर शनिवारी चार किलोची पेटी, ११५० रुपयांना. नोव्हेंबर ते जानेवारी असे १३ आठवड्यांचे पैसे एकदम भरले तर १५ टक्के सूट, म्हणजे सुमारे १२,७०० रुपये. पेटीत सफरचंद, किवी, ड्रॅगन फ्रूट, नाशपाती, डाळिंब असं असतं. घ्यावी का?

उत्तर: नका घेऊ. पेटी वाईट असेल असं नाही, पण पैसे आगाऊ भरायला हे तीन महिने सगळ्यात चुकीचे आहेत. नोव्हेंबर ते जानेवारी म्हणजे आपल्याकडे फळं भरपूर आणि स्वस्त असण्याचे दिवस. पेरू आलेले असतात, नागपूरच्या अंबिया बहाराची संत्री गाड्या भरभरून येतात, पपई आणि केळी आहेतच, मग बोरं, आणि जानेवारीत नाशिकची द्राक्षं सुरू होतात. भाव बांधून घ्यायचाच तर तो महागाईच्या दिवसांसाठी बांधावा.

सुटीचा हिशेब आधी बघू. तेरा पेट्यांचे एरवी १४,९५० होतात, म्हणजे सूट २,२५० रुपयांची. सवलतीच्या दरानं एक पेटी साधारण ९७७ रुपयांना पडते. दिवाळीत एक शनिवार गावी गेलात, नाताळच्या सुट्टीत दुसरा हुकला, की दोन पेट्यांचे साडेएकोणीसशे गेले. पुढच्या आठवड्यात सरकवता येतील का, हे योजनेत लिहिलेलं आहे का ते बघा. आणि धंदा मध्येच बंद पडला तर उरलेल्या पैशांसाठी तुमच्या हातात पावतीपलीकडे काही नसतं. दोन हजारांच्या सुटीसाठी मी एवढी उधारी कुणाला देणार नाही.

आता पेटीत काय येतं ते. फळाचा भाव किलोवर ठरतो, पण पोटात जातो तो गर. चार किलोच्या पेटीतून सालं, बिया, देठ वजा जाता सुमारे तीन किलो खाण्याजोगं उरेल. म्हणजे १०० ग्रॅम गराला साडेबत्तीस रुपये. हाच आकडा आपल्या साध्या फळांचा काढून बघा. हे भाव माझ्या ओळखीच्या हातगाड्यांवरचे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. डझनभर केळी ६० रुपये, गर ९५० ग्रॅमच्या आसपास. किलोभर पेरू ८० रुपये, त्यात टाकण्यासारखं जवळजवळ काही नाही. दीड किलो संत्री १०५ रुपये, फोडी किलोभर. सव्वा किलोची पपई ६० रुपये, गर ८०० ग्रॅम. आणि चैन म्हणून किलोभर डाळिंब १५० रुपये, दाणे निम्मेच निघतील. एकूण ४५५ रुपये आणि ४ किलो २०० ग्रॅम गर. १०० ग्रॅमला अकरा रुपयांच्या आत.

तुम्हाला नेमकं एवढंच पुरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी रोज १०० ग्रॅम फळ धरलं आहे. पाच जणांचं रोजचं अर्धा किलो झालं, थोडं वरखाली धरून ६०० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला ४ किलो २०० ग्रॅम. पेटी घेतलीत तरी किलोभराहून जास्त फळ बाहेरून आणावं लागेल. आणि किवी, ड्रॅगन फ्रूट यांचं अप्रूप आपल्याला 'क' जीवनसत्त्वामुळे वाटतं, तर ते पेरूत भरपूर आहे: १०० ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे. सफरचंदात पाचच्या आसपास.

पण पैसे खरे जातात ते टाकून दिलेल्या फळात, आणि त्याचं मूळ तुमच्याच पत्रात आहे: रात्री जेवणानंतरची बशी. पोट भरलेलं असतं, कापलेली फळं काळी पडतात, फ्रिजमध्ये जातात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचऱ्यात. रात्री फळ खाणं वाईट म्हणून नाही, तेव्हा भूक नसते म्हणून ही वेळ बंद करा. फळ तिथे ठेवायचं जिथे भूक आधीच आहे.

सकाळी मुलांना दूध-नाश्त्याबरोबर एकेक केळं. शाळेचे पाच दिवस धरले तर दहा केळी उठली, उरलेल्या दोन पिकलेल्यांची शनिवारी शिकरण. डझनाचा हिशेब पुरा. डब्यात केळं देऊ नका, चेपून येतं आणि परत येतं. डब्यात संत्र्याच्या सोललेल्या फोडी किंवा तिखटमीठ लावलेला पेरू. तुम्ही दोघांनीही ऑफिसच्या डब्यात तेच न्या आणि ते पोळीभाजीबरोबरच खा. पालक, मटकी, बाजरी यांतलं लोह 'क' जीवनसत्त्वाबरोबर जास्त चांगलं शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. चहा तासाभरानं घ्या. तुम्हाला याचा जास्त उपयोग.

तिसरी वेळ संध्याकाळी पाच-साडेपाचची, आणि पैशाच्या दृष्टीनं मला हीच महत्त्वाची वाटते. मुलं घरी येतात, भुकेजलेली असतात, आणि हाताला लागेल ते खातात. तुमच्या किराणा बिलात वेफर्स आणि बिस्किटांचे किती होतात ते एकदा जोडून बघा. पपई किंवा डाळिंब त्या वेळी तयार हवं, आणि ते सासूबाई काढून ठेवू शकतील. दाणे काढायला त्यांना वेळही आहे, आणि नातवंडांना त्यांच्या हातचं खायला आवडतंही, असा माझा अनुभव.

सासूबाईंचं स्वतःचं फळ मात्र वेगळ्या वेळी. भात-पोळीच्या जेवणाला जोडून नको, सकाळी अकराच्या सुमारास अर्धा मोठा पेरू किंवा पपईची छोटी वाटी, बरोबर मूठभर शेंगदाणे. रस नको, अख्खं फळच. केळं, चिकू, सीताफळ त्यांना अगदी वर्ज्य आहे असं नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आहारात मोजून बसवावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळं आणि संत्रं यांबद्दलही विचारून घ्या.

खरेदी आठवड्यातून दोनदा करा, रविवारी आणि बुधवारी. सगळं एकदम आणलं की सगळं एकदम पिकतं. केळी निम्मी पिवळी, निम्मी हिरवट मागा, कुठलाही केळेवाला देतो. केळी इतर फळांपासून लांब ठेवा, त्यांच्या सोबतीनं बाकीचीही लवकर पिकतात. कच्चे चिकू आणलेत तर मात्र मुद्दाम केळ्यांजवळ ठेवा. पपई कापली की दोन दिवसांत संपवायची, संत्री शेवटी खायची, ती टिकतात. आणि डिसेंबरनंतर 'संत्री' म्हणून किन्नू हातात देतात: साल गच्च चिकटलेली, रंग भडक, बिया खूप. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, बोटानं दाबली की आत पोकळ लागते. किन्नू वाईट नाही, पण संत्र्याच्या भावात घेऊ नका.

राहिला वर्षाचा हिशेब. फळांचं बजेट महिन्याचं नसतं, वर्षाचं असतं, आणि ते आंब्यावर येऊन अडतं. वरच्या हिशेबानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुम्हाला महिन्याला दोन हजार लागतील, मार्चमध्ये बावीसशे. एप्रिल-मेमध्ये बाकीची फळं १,८०० रुपये महिना आणि वर आंबा. जून ते ऑगस्ट निवड कमी आणि भाव चढे, तिथे २,३०० धरा. सप्टेंबर-ऑक्टोबर २,१००.

आंब्यासाठी दोन महिन्यांत मिळून ३,३०० ठेवा आणि घाई करू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात दिसणारी हापूसची पहिली पेटी ही हौस असते, तिचा भाव हौसेचाच. अक्षय तृतीयेला मागणी चढलेली असते. ती ओसरली आणि कोकणातला माल जोरात सुरू झाला की मेमध्ये भाव उतरतात. खरेदी तेव्हा करा, पण मेअखेरपर्यंत ताणू नका, वळवाचा पाऊस लागला की आंबा भिजतो आणि आतून बिघडतो. डझनाचा भाव विचारताना फळाचं वजनही विचारा. दीडशे ग्रॅमचा आंबा आणि अडीचशेचा आंबा, दोन्हीही डझनावरच विकतात. 'देवगड' छापलेल्या खोक्यात कर्नाटकचा हापूस असू शकतो. तो खायला बरा असतो, फक्त देवगडच्या भावानं घेऊ नये. रसासाठी पायरी किंवा केसर घेतलात तर हापूसचे डझन निम्म्यावर येतील.

हे सगळं जोडलं तर वर्षाचे २८,२०० होतात. तुम्ही दरमहा २,४५० रुपये फळांसाठी म्हणून वेगळे काढा. नोव्हेंबर ते मार्च खर्च कमी, म्हणून मार्चअखेर २,०५० शिल्लक पडतील, आणि एप्रिल-मेमध्ये आंब्यामुळे जे २,००० जास्त लागतात ते त्यातून निघतील. पावसाळ्यापासून पुन्हा थोडं थोडं उरून ऑक्टोबरअखेर १,२०० हातात राहतील. श्रावणातले उपास, गणपती, नवरात्र या दिवसांत केळ्यांपासून सगळंच वधारतं, ती रक्कम तिथे जाईल.

दोघंही नोकरीला आहात, त्यामुळे दर वेळी हातगाडीपर्यंत जाणं जमणार नाही, हे मला कळतं. बुधवारची खरेदी ॲपवरून करा. ती वीस टक्के महाग पडली तरी वर्षभरात तुमचं साडेपाच हजारांचं बिल जवळपास निम्म्यावर येईल. पेटीवाल्यांना सांगा की एक पेटी ११५० देऊन घेते, आगाऊ काही नाही. आली की सालासकट वजन करा, आठवड्यानं किती उरलं तेही करा. मुलांनी किवी संपवल्या तर सणासुदीला अधूनमधून एखादी मागवायला माझी हरकत नाही.