‘व्यस्त’ म्हणजे कामात गर्क, की उलटा?

प्रश्न : मुलाच्या कॉम्प्युटरच्या मराठी नोट्समध्ये ‘दोन मूळ संख्यांचं कुलूप’ शिकवताना ‘७ चा व्यस्त ४३’ असं लिहिलंय. व्यस्त म्हणजे कामात गर्क ना? सरळ ‘उलट’ का लिहीत नाहीत? आणि ७ चा व्यस्त १/७ असतो, तर हे ४३ आलं कुठून? (कोल्हापूर)

उत्तर : ‘कामात गर्क’ हा अर्थ मराठीत हिंदीच्या वाटेने आला आणि आता रुळला आहे. गणितातला ‘व्यस्त’ त्याहून जुना. संस्कृतात ‘अस्’ म्हणजे फेकणे. सम् लागला की एकत्र टाकलेलं ते ‘समस्त’, वि लागला की वेगवेगळं किंवा उलटसुलट टाकलेलं ते ‘व्यस्त’. आपल्या ‘अस्ताव्यस्त’मध्ये तो अजून जिवंत आहे. जुन्या गणितात एक राशी वाढली की दुसरी घटते अशा हिशोबाला ‘व्यस्त त्रैराशिक’ म्हणत. शाळेच्या पुस्तकातलं ‘व्यस्त चलन’ तिथलंच.

‘उलट’ म्हटलं की अडचण होते. ७ च्या उलट काय, तर कुणी -७ म्हणेल, कुणी १/७. दोघंही बरोबर, कारण एक बेरजेचा व्यस्त आहे आणि दुसरा गुणाकाराचा. बेरजेचा व्यस्त मिळवला की शून्य उरतं, गुणाकाराच्या व्यस्ताने गुणलं की एक उरतो. ‘गुणाकार व्यस्त’ या शब्दाची व्याख्या एवढीच : गुणल्यावर एक यायला हवा. तो अपूर्णांकच असावा अशी कुठलीही अट नाही, आणि तुमचं ४३ याच फटीतून आत येतं.

समजा, बाराच्या ठोक्यानंतर रंकाळ्याकडे दर सात मिनिटांनी एक बस सुटते. पहिली १२ वाजून ७ मिनिटांनी, दुसरी १४ मिनिटांनी, नववी १ वाजून ३ मिनिटांनी. आता तासाकडे बघू नका, फक्त मिनिटकाट्याकडे बघा. काटा बरोबर १ मिनिटावर असताना सुटणारी पहिली बस कितवी? ४३ वी. कारण ७ × ४३ = ३०१ मिनिटं, म्हणजे ५ तास आणि वर १ मिनिट; ती ५ वाजून १ मिनिटाने सुटते. साठने भागून बाकीच मोजायची असं ठरवलं, तर ७ ला ४३ ने गुणल्यावर १ उरतो. म्हणून ६० च्या मापांकात ७ चा गुणाकार व्यस्त ४३. मापांक म्हणजे ज्याने भागून बाकी घ्यायची ती संख्या.

बस दर नऊ मिनिटांनी सुटत असती तर? काटा ९, १८, २७, ३६, ४५, ५४, ३ असा फिरतो, नेहमी तीनच्या पटीत. तो १ वर कधीच येणार नाही, कितीही दिवस थांबा. ९ आणि ६० यांचा मसावि ३ आहे, म्हणून ६० च्या मापांकात ९ ला व्यस्तच नाही. मसावि १ असेल तरच व्यस्त सापडतो.

हे साठ कुलपात कुठून आलं ते आता बघू. संदेशाला कुलूप लावून तो गुप्तपणे पाठवायची ही पद्धत रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७ साली मांडली. त्यांच्या आडनावांवरून तिला आरएसए म्हणतात. (ब्रिटिश गुप्तसंदेश खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांना १९७३ मध्येच ती सुचली होती, पण ते १९९७ पर्यंत गुप्त राहिलं.) नोट्समधलं उदाहरण बहुधा असं असणार : मूळ संख्या ७ आणि ११. त्यांचा गुणाकार ७७, हा सगळ्यांना सांगायचा. प्रत्येकीतून एक वजा करून पुन्हा गुणाकार, ६ × १० = ६०, हा कुणालाच सांगायचा नाही. मग ६० शी मसावि १ असलेली एक संख्या निवडायची, इथे ७. तीही जाहीर करायची. (ती मूळ संख्यांपैकी एक आहे हा निव्वळ योगायोग, त्याने घोटाळा करून घेऊ नका.) ७७ आणि ७ ही जोडी म्हणजे सार्वजनिक किल्ली. खासगी किल्ली म्हणजे ६० च्या मापांकात ७ चा व्यस्त, ४३.

बसगाड्या मोजत न बसता ४३ काढायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तिचं नाव ‘कुट्टक’. आर्यभटाने ती इ.स. ४९९ मध्ये दिली आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) तिला स्वतंत्र प्रकरण आहे. कुट्टक म्हणजे कुटणारा. उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीसाठी मिरची कुटून आणतात, त्यातलंच हे कुटणं : मोठ्या संख्या भागून भागून बारीक करायच्या.

६० = ८ × ७ + ४
७ = १ × ४ + ३
४ = १ × ३ + १

बाकी १ आली, कुटून झालं. आता उलट्या पावलांनी वर चढायचं. १ म्हणजे ४ - ३. त्यातल्या ३ च्या जागी ७ - ४ ठेवलं की १ = २ × ४ - ७. त्यातल्या ४ च्या जागी ६० - ८ × ७ ठेवलं की १ = २ × ६० - १७ × ७. साठच्या पटी बाकीत गळून पडतात, म्हणजे ७ चा व्यस्त -१७. मुलं बहुतेक इथेच अडकतात, कारण उत्तर ऋण आलं म्हणून ती सगळं खोडून पुन्हा करायला बसतात. उत्तर चुकलेलं नसतं. पाऊण तास झाला म्हणा की तास भरायला पंधरा मिनिटं कमी म्हणा, काटा एकाच जागी असतो. तसंच -१७ मध्ये ६० मिळवले की ४३.

आता कुलूप लावू. संदेश आहे ९. त्याचा सातवा घात करून ७७ ने भागायचं आणि बाकी पाठवायची. सातवा घात एकदम करायचा नाही, प्रत्येक पायरीला बाकी घेत जायचं. ९ चा वर्ग ८१, बाकी ४. चौथा घात म्हणजे ४ चा वर्ग, १६. सहावा १६ × ४ = ६४. सातवा ६४ × ९ = ५७६, बाकी ३७. पाठवायचा आकडा ३७.

उघडायला ३७ चा ४३ वा घात हवा. ४३ = ३२ + ८ + २ + १, म्हणून वर्गांवर वर्ग करत गेलं की पुरतं. दुसऱ्या घाताची बाकी ६०, चौथ्याची ५८, आठव्याची ५३, सोळाव्याची ३७, बत्तिसाव्याची ६०. हवे ते चारच गुणायचे : ६० × ५३ ची बाकी २३; २३ × ६० ची ७१; ७१ × ३७ = २६२७, बाकी ९. संदेश परत आला.

का आला? आपण ९ चा आधी ७ वा आणि मग ४३ वा, म्हणजे एकूण ३०१ वा घात केला. ७७ ने भागताना, संदेशाला ७ किंवा ११ ने भाग जात नसेल तर, दर साठाव्या घाताला बाकी १ येते. ३०१ म्हणजे पाच वेळा साठ आणि वर एक. साठांचे एक झाले आणि वरचा एकटा ९ उरला. (१४ किंवा २२ सारखा संदेशही नीट उघडतो, फक्त त्याची सिद्धता ७ आणि ११ वेगवेगळे धरून करावी लागते.) घात ६० च्या चक्रात फिरतात आणि संदेश ७७ च्या. दोन मापांक आहेत, आणि ‘व्यस्त’ हा शब्द फक्त पहिल्याशी बांधलेला आहे.

ही गल्लत झाली तर काय होतं ते १३ घेऊन बघा. ६० च्या मापांकात १३ चा व्यस्त ३७, कारण १३ × ३७ = ४८१. कुणी चुकून ७७ च्या मापांकात काढला तर ६ येतो, आणि १३ × ६ = ७८ ची बाकीही छान १ येते. पडताळा जुळतो, म्हणून चूक दिसत नाही. पण ९ ला तेरावा घात देऊन आलेले ५८ या ६ ने उघडले तर ९ ऐवजी ३६ निघतात. म्हणून पडताळा व्यस्ताच्या गुणाकारावर थांबवू नये, एक संदेश लावून उघडून बघावा. तो संदेश ७७ पेक्षा लहान असावा. ८० पाठवलेत तर ३ परत येईल आणि किल्लीत काहीच दोष नसेल.

दुसऱ्या एखाद्या पुस्तकात ४३ च्या जागी १३ छापलेलं दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका. तिथे ६ आणि १० चा गुणाकार न घेता लसावि घेतलेला असतो, ३०. ७ × १३ = ९१, तीसने भागून बाकी १. ३७ चा तेरावा घात करून बघा, तिथेही ९ च येतात.

घरी कॉम्प्युटरवर पायथन (३.८ किंवा पुढचं) असेल तर हे एका ओळीत तपासता येतं :

```
>>> pow(7, -1, 60)
43
>>> pow(37, 43, 77)
9
>>> pow(9, -1, 60)
ValueError: base is not invertible for the given modulus
```

शेवटची तक्रार म्हणजे नऊ मिनिटांची बस.

व्यस्त काढणं अवघड आहे म्हणून कुलूप टिकतं, असं नोट्समध्ये लिहिलं असेल तर ते मात्र चूक आहे. शेकडो अंकी संख्यांचा व्यस्तही कुट्टकाने क्षणात निघतो. अवघड आहे ते साठ शोधणं. ७७ वरून ६० काढायला आधी ७ आणि ११ वेगळे करावे लागतात. इथे ते पाढ्यावर होतं, म्हणून हे कुलूप वहीतच ठेवायचं. प्रत्यक्षात ७७ च्या जागी २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या असते आणि ७ च्या जागी बहुधा ६५५३७. आव्हान म्हणून दिलेल्या २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये पाडले गेले, तेही पुष्कळ कॉम्प्युटर एकत्र राबवून.

तेव्हा नोट्समधलं वाक्य दुरुस्त करायचं तर ‘व्यस्त’ हा शब्द खोडू नका, तो नेमका आहे. त्यात राहून गेलेले शब्द भरा : ‘६० च्या मापांकात ७ चा गुणाकार व्यस्त ४३’.